बकरी ओरडली की लगेच बोकडाकडे पळवू नका

गेल्या महिन्याभरात तीन-चार जणांनी एकच गोष्ट विचारली. "नसबंदी केलेला बोकड पाळायचा का? माज ओळखायला लागतो म्हणतात." विचारणाऱ्यांत एकाकडे पाच बकऱ्या, एकाकडे सात, एकाकडे बारा. माझं मत आधीच सांगतो. आपल्या शहापूर-मुरबाडच्या बाजूला ज्याच्याकडे दहा-पंधरा बकऱ्या आहेत त्याला असा बोकड लागत नाही. त्याला लागतो दावणीला बांधलेला एक चांगला बोकड, एक फडकं आणि एक वही. बोकड घरचा नसला तरी चालेल, शेजारच्या गावात असला तरी काम होतं. पण बकरी न्यायची कधी, हे कळलं पाहिजे. बहुतेक गडबड तिथेच होते.

पहिला सवाल असा की बोकड कळपातच मोकळा सोडला तर काय बिघडतं? तो आपोआप माज ओळखतो, आपल्याला काही बघायला नको. घाटावर, कमी पावसाच्या मुलखात, लोक तसंच करतात आणि त्यांचं फारसं बिघडत नाही. आपल्याकडे बिघडतं, कारण आपला पाऊस. बकरी गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवसांनी विते, पाच दिवस मागेपुढे. आता बोटावर मोजा. १५ फेब्रुवारीला भरली तर १५ जुलैला विणार. जुलैत आपल्याकडे काय असतं ते सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही, गोठ्यात ओल, बकऱ्यांना बाहेर काढता येत नाही, घरातली सगळी माणसं आवणीत. त्या ओलीत जन्मलेलं करडू पहिल्या आठवड्यात सर्दी-न्यूमोनियाने नाहीतर हगवणीने जातं. जगलं तरी खुरटतं. बकरी चांगली, बोकड चांगला, दोन करडं झाली, आणि नागपंचमीपर्यंत एकही राहिलं नाही, असे गोठे मी बरेच बघितलेत.

म्हणून मी जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आलेला माज रिकामा जाऊ देतो. यावर लोक माझ्याशी भांडतात. "अहो, दोन-तीन माज फुकट घालवता!" म्हणतात. घालवतो. जुलैतली दोन मेलेली करडं मोजण्यापेक्षा तीन माज सोडलेले परवडतात. एप्रिलच्या दहा तारखेनंतर भरलेली बकरी सप्टेंबरपासून पुढे विते. मे महिन्यात भरलेली ऑक्टोबरात विते, ते तर सगळ्यात उत्तम. पाऊस सरलेला, रानात पाला भरपूर, जमीन सुकायला लागलेली. भातकापणीची घाई असते खरी, पण करडं कोरड्यात असतात.

पण हे करायचं तर बोकड मोकळा ठेवून जमत नाही. तो बांधावा लागतो. आणि बोकड बांधला की माज ओळखायचं काम त्याच्याकडून आपल्याकडे येतं.

आता माज कसा ओळखायचा. बकरी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. १८ ते २४ च्या मध्ये आली तरी ठीकच. माज टिकतो एक ते दीड दिवस. काहींचा अर्ध्या दिवसात उरकतो, काहींचा दोन दिवस चालतो. ओरडणं ही सगळ्यांना माहीत असलेली खूण, आणि फसवणारीही तीच. बकरी भुकेने ओरडते, करडू विकलं की ओरडते, बाजारातून नवीन आणलेली चार दिवस ओरडतच असते. माजाचं ओरडणं वेगळं कसं कळायचं? समोर पाला टाका. भुकेली बकरी तोंड घालते आणि गप्प होते. माजावरची दोन घास घेते, मान वर करते, परत ओरडते. आणि शेपटी बघा. माजावरच्या बकरीची शेपटी डाव्या-उजव्या बाजूला भराभर हलत राहते, माशी नसताना. घडीघडी थोडं थोडं मुतते. दुधाची असेल तर त्या दिवशी दूध कमी देते.

मग शेपटी उचलून निरण बघायचं. नेहमीपेक्षा सुजलेलं, लालसर, ओलं दिसतं. शेपटीखालचे केस चिकटलेले असतात. माज सुरू होताना सोट पाण्यासारखी पातळ आणि स्वच्छ असते. पुढे ती गढूळ होत जाते, आणि माज संपता संपता पांढरी, दह्यासारखी घट्ट होते. ही रंग बदलण्याची खूण मला सगळ्यात कामाची वाटते, कारण बकरी माजावर आहे एवढंच ती सांगत नाही, माज कुठवर आलाय तेही सांगते. पातळ पाण्यासारखी असेल तर अजून वेळ आहे. गढूळ झाली की हीच वेळ. पांढरी घट्ट झाली असेल तर उशीर होत आलाय, लगेच निघा.

आणखी एक परीक्षा आहे, तिला पैसा लागत नाही. कमरेवर तळहाताने दाबा. एरवी बकरी कंबर खाली घेऊन पुढे पळते. माजावरची जागेवर उभी राहते आणि उलट शेपटी हलवायला लागते.

बकऱ्या चारायला पोरं किंवा म्हातारी माणसं नेतात, आणि खरी खबर त्यांच्याकडेच असते. संध्याकाळी त्यांना विचारायचं. पण नुसतं "कोणी उड्या मारल्या का" असं विचारू नका. कोण चढली हे महत्त्वाचं नाही, कोण खाली शांत उभी राहिली ते महत्त्वाचं. चढणारी माजावर असेलही, नसेलही. दुसरीने अंगावर उडी मारली तरी जी हलत नाही ती माजावर आहे, हे नक्की धरा. आमच्याकडे बकऱ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला हे एकदा सांगितलं, तेव्हापासून तो गोठ्यात शिरतानाच सांगतो, "तांबी उभी र्‍हायली आज." तेवढं मला पुरतं.

काही बकऱ्या मात्र मुक्या माजाच्या असतात. ओरडत नाहीत, शेपटीही जेमतेम हलवतात. पहिल्यांदा माजावर येणाऱ्या पाठी अशा असतात. उन्हाळ्यात पाल्याअभावी वाळलेल्या बकऱ्याही. (पाठीचं एक लक्षात ठेवा. ती सहा-आठ महिन्यांची असतानाच माजावर येते, पण तेव्हा भरवू नका. आपल्या गावरान पाठीचं वजन वीस किलोच्या जवळ जाऊ द्या, वर्षाची होऊ द्या.) अशा मुक्या बकऱ्या फक्त बोकडालाच कळतात. माज ओळखायला बोकड का ठेवतात त्याचं कारण हे.

या कामाला लोक दोन प्रकारचे बोकड वापरतात. एक म्हणजे नसबंदी केलेला. इथे एक घोटाळा काढून टाकतो. खच्ची केलेला बोकड वेगळा आणि नसबंदीचा वेगळा. खच्ची केला की त्याची इच्छाच जाते, तो बकरीकडे बघतही नाही, माज ओळखायला त्याचा उपयोग शून्य. नसबंदीत फक्त बीज वाहून नेणाऱ्या दोन नळ्यांचा तुकडा डॉक्टर कापून काढतात. बाकी बोकड होता तसाच. वास तोच, माज तोच, चढतोही तसाच, फक्त करडू राहत नाही. ऑपरेशननंतर निदान महिनाभर त्याला बकऱ्यांत सोडायचा नाही, कारण नळीत आधीचं बीज उरलेलं असतं. छातीला गेरू तेलात कालवून लावला की ज्या बकरीवर तो चढला तिच्या कमरेवर लाल डाग उमटतो. सकाळी जाऊन डाग बघायचा, की कळलं. सोय चांगली आहे, नाकारत नाही. पण हा बोकड खातो पूर्ण बोकडाएवढं आणि करडू एकही देत नाही. शिवाय तो खराच भरतो, म्हणजे एका बकरीच्या पोटातला रोग दुसरीला देऊ शकतो. कळपात कुठे गाभ पडण्याची भानगड असेल तर हा बोकड ती सगळीकडे पोचवील.

दुसरा म्हणजे झाकणवाला. चांगल्याच बोकडाच्या पोटाखाली पोत्याचं किंवा जाड कापडाचं झाकण बांधतात, म्हणजे तो चढतो पण आत जात नाही. स्वस्त आहे. पण झाकण सरकतं. सरकलं की काम झालंच समजा, आणि ते तुम्हाला कळतही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ते मुताने आणि पाण्याने ओलंच राहतं, पोटाला घासून जखमा होतात. वापरायचंच असेल तर डोळ्यासमोर वापरा, काम झालं की सोडा, रोज धुवा. झाकण बांधून रात्रभर कळपात ठेवू नका.

माझ्या मते तीस-चाळीस बकऱ्या असतील, किंवा कृत्रिम रेतन करून घ्यायचं असेल, तर असा बोकड ठेवणं बरोबर आहे. बाएफसारख्या संस्था शेळ्यांमध्ये कृत्रिम रेतन करतात. तिथे वेळ चुकली की कांडी फुकट, म्हणून माज कधी सुरू झाला ते नीट कळावंच लागतं. पण आठ-दहा बकऱ्यांना तुमचा नेहमीचाच बोकड दोरीला धरून सकाळी आणि संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं बकऱ्यांमधून फिरवा. तो हुंगत जातो, ओठ वर करतो, एकीपाशी थांबतो. ती पळाली तर माजावर नाही. ती उभी राहिली, शेपटी हलवायला लागली, तर आहे. तिथेच दोरी ओढायची आणि त्याला परत बांधायचं. झालं काम. दोरीवरचा बोकड हाच आपला माज ओळखणारा बोकड.

बोकडच नसेल तर फडकं. बोकडाच्या शिंगांच्या मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला, त्याचा उग्र वास येतो. तिथे आणि मानेवर जुनं सुती फडकं चांगलं घासायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. शंका असेल त्या बकरीच्या नाकाशी डबा उघडायचा. माजावरची बकरी डबा सोडत नाही, तोंड घालते, शेपटी हलवते. बाकीच्या एकदा हुंगून मान फिरवतात. चार-सहा दिवसांत वास मरतो, फडकं परत घासून आणावं लागतं. आणि बकऱ्यांना रोज बोकडाचा वास मिळत असेल तर फडक्याचं त्यांना एवढं कौतुक राहत नाही. बोकड लांब असलेल्या घरात ते जास्त चालतं.

आता वेळेचं. बकरी ओरडली की लगेच न्यायची, ही आपल्याकडची रीत. का चुकते ते सांगतो. बकरीचं बीज माजाच्या सुरुवातीला सुटत नाही. ते सुटतं माज संपायच्या सुमाराला, म्हणजे सुरुवातीपासून साधारण २४ ते ३६ तासांनी. सुटल्यावर ते अर्धा दिवसभर कामाचं असतं. बोकडाचं बीज बकरीच्या पोटात एखादा दिवस टिकतं. म्हणजे पहिल्या तासालाच भरवलं तर बोकडाचं बीज वाट बघून बघून संपतं, आणि बकरीचं मागाहून येतं. म्हणून हिशेब असा. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी. दोन वेळा, मध्ये बारा तास. एकदाच जमणार असेल तर पहिलीपेक्षा दुसरी वेळ धरा, पण बकरी उभी राहते तोवरच.

एक उदाहरण तारखांसकट देतो. आमच्या वरच्या पाड्यावरच्या एका ताईंकडे तीन बकऱ्या आहेत. बोकड नाही. माझ्याकडे यायला त्यांना दीड तास चालावं लागतं, आणि आल्या की त्या दिवसाची मजुरी बुडते. १२ एप्रिलला त्या सकाळी आठला बकरी घेऊन आल्या. "पहाटंपासून वरडतंय दादा," म्हणाल्या. बोकड लावला, तासाभरात परत गेल्या. ती बकरी २० दिवसांनी, २ मे रोजी, उलटली. परत तसंच, पहाटे ओरडली, सकाळी आणली, लगेच भरवून नेली. २२ मे रोजी परत उलटली. त्या वेळी त्यांच्या तोंडावर आलं होतं की बकरी वांझ आहे, विकून टाकते.

मी म्हटलं, आज विकू नका, आज ठेवून जा. सकाळी नऊला बघितली तेव्हा सोट पाण्यासारखी होती. बोकडाला दोरीवर जवळ नेला तर बकरी थोडी उभी राहायची, मग सरकायची. संध्याकाळी सहाला सोट गढूळ झाली होती आणि बकरी खांबासारखी उभी. तेव्हा बोकड लावला. दुसऱ्या दिवशी, २३ मे रोजी, सकाळी सातला परत लावला. आणि बघा, त्या संध्याकाळीही ती थोडीफार शेपटी हलवतच होती. म्हणजे या बकरीचा माज जवळजवळ दोन दिवसांचा. पहाटे ओरडल्यावर सकाळी भरवणं हिच्या बाबतीत फारच लवकर होत होतं. त्याच दोन वेळांना बोकडाने आधी दुसऱ्या बकऱ्याही केल्या होत्या, त्याचाही हात असेल. एका दिवसात दोनपेक्षा जास्त बकऱ्या एका बोकडाला लावू नयेत, मे महिन्यात गर्दी असली तरी.

ताईंना तारीख सांगितली. ९ जून ते १५ जून रोज सकाळ-संध्याकाळ बघा, डब्यात फडकं दिलंय ते दाखवा. उलटली नाही. विण्याची तारीख धरली १९ ऑक्टोबर, व्याली २० ऑक्टोबरला, दोन करडं. एक पाठ, एक बोकड.

यात ४० दिवस आणि दोन दिवसांची मजुरी गेली. एप्रिल-मे होता म्हणून निभावलं, उलट करडं आणखी कोरड्या दिवसांत आली. पण हेच दोन माज डिसेंबरात चुकले असते तर? २० डिसेंबरला भरलेली बकरी १९ मे रोजी विते, करडं पावसाआधी महिनाभराची होतात. तीच दोनदा उलटून २९ जानेवारीला भरली तर २८ जूनला विणार. भर पावसात. दोन वेळा वेळ चुकली की गोष्ट इथवर जाते.

उलटण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. बोकड महिनाभर लांब ठेवून, वासही लागू न देता, एकदम जवळ आणला की आठ-दहा दिवसांत बऱ्याच बकऱ्या माजावर येतात. एप्रिलमध्ये मी हेच करतो. पण त्यातल्या काही पाच-सात दिवसांतच परत माजावर दिसतात. घाबरू नका, बकरीत दोष नाही. तो पहिला माज कच्चा असतो, दुसऱ्याला भरवली की राहते. मात्र कधीही, दर चार-आठ दिवसांनी, पुन्हा पुन्हा माज दाखवणारी बकरी असेल, किंवा सोटीला घाण वास, पू, रक्त असेल, तर बोकडाकडे नेऊ नका. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तशी बकरी भरवलीत तर बोकडही जायचा.

आणि २४ दिवस उलटली नाही म्हणजे गाभणच, असंही छातीठोक धरू नका. दुसऱ्या २१ दिवसांनाही लक्ष ठेवा. मुका माज निसटलेला असू शकतो.

वहीत मी चारच गोष्टी लिहितो. बकरीचं नाव, माज पहिल्यांदा दिसला ती तारीख आणि वेळ, बोकड लावला त्या दोन वेळा, आणि कोणता बोकड. शेवटचं यासाठी की दोन वर्षांनी त्याच बोकडाच्या पाठी भरवायला येतात. बापाकडे लेक जाऊ नये. ताईंच्या त्या बकरीच्या नावापुढे मी "माज दोन दिवस" असं लिहून ठेवलंय. तिची पाठ मोठी झाली की तिच्याही नावापुढे काय लिहावं लागतंय ते बघू, पण तिला माझा बोकड लावणार नाही. तोवर मुरबाडच्या बाजूच्या कोणाकडे चांगला उस्मानाबादी किंवा गावरान बोकड असेल तर कळवा.